इंदूर ते पुणे सामान : बोली २७,५००, बिल ४९,०८८. यातलं खरं किती?

रामबागकर
मंडळी, इंदूरच्या एका पॅकर्स-मूव्हर्सबद्दल परीक्षण लिहायचं आहे. इथून पुण्याला जाणारी बरीच मंडळी या गटात आहेत, त्यांच्या उपयोगी पडावं. फर्मचं नाव आत्ता देत नाही. आधी माझा हिशेब बरोबर आहे का ते तपासून घ्यायचंय.

सुदामा नगर ते कोथरूड, दोन बेडरूमचं घर, एकूण ३४ नग. सर्व्हेला माणूस घरी आला होता, त्याने यादी केली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आकडे पाठवले : भाडं १७,०००, पॅकिंग ५,५००, दोन्हीकडची हमाली ५,०००. एकूण २७,५००. खाली बारीक अक्षरात "टॅक्स एक्स्ट्रा". दोन दिवसांत पोहोचवू असं तोंडी सांगितलं. १०,००० आगाऊ दिले.

सामान सहाव्या दिवशी आलं, आणि उतरवण्याआधी हातात पडलेलं बिल असं :

भाडं १७,०००
पॅकिंग ७,९०० (जादा १२ खोकी, २०० प्रमाणे)
हमाली ५,०००
इन्शुरन्स, ३ लाखांवर ३ टक्के : ९,०००
ई-वे बिल आणि बॉर्डर खर्च १,२००
तिसऱ्या मजल्याचे १,५००
बेरीज ४१,६००, त्यावर १८ टक्के जीएसटी ७,४८८
एकूण ४९,०८८

नुकसान : काचेच्या ताटल्यांच्या खोक्यात पाच फुटल्या. फ्रंट लोड वॉशिंग मशीन बाहेरून ठीक आहे, पण कपडे पिळताना धडाधडा आपटतं. पॅकिंग, नुकसान, वेळ आणि बिल या चारही गोष्टींना वेगवेगळे गुण द्यायचे आहेत. बिलातलं काय योग्य आणि काय नाही?

पोहेवाला_५६
सरळ एक तारा द्या आणि मोकळे व्हा.

तिलकनगर_मंजिरी
एक तारा दिला तर वाचणाऱ्याला काय कळणार? कुठल्या ओळीत फसवलं ते लिहिलं तर पुढचा माणूस तीच ओळ आधी विचारेल.

माझ्या मते जीएसटीच चुकीचा आहे. मालवाहतुकीला ५ टक्के असतो. १८ लावणं हीच पहिली फसवणूक.

बिल्टीवाले_काका
मंजिरीताई, निम्मं बरोबर आहे तुमचं. नुसती वाहतूक असेल, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याने बिल्टी, अर्थात माल घेतल्याची पावती, फाडली आणि माल नेला, तर ५ टक्क्यांची गोष्ट येते. पॅकिंग, हमाली, गाडी असं सगळं एकत्र घेतलं की बहुतेक फर्म पूर्ण रकमेवर १८ लावतात. त्यामुळे दरावर भांडण्याआधी हा टॅक्स सरकारकडे जाणार तरी आहे का ते बघा.

बिलावर जीएसटी नंबर छापला आहे का? पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे : मध्य प्रदेश २३, गुजरात २४, महाराष्ट्र २७. नंतरची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा किंवा फर्मचा पॅन. services.gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये तो नंबर टाका, लॉगिन लागत नाही. नाव आणि Active आहे की Cancelled, दोन्ही दिसतं. बिलावर एक नाव आणि तिथे दुसरंच, किंवा नंबर रद्द झालेला, असं निघालं तर ७,४८८ ची ओळच उडते. रद्द नंबरवर टॅक्स गोळा करायचा अधिकार कुणालाच नाही.

आता बाकीच्या ओळी, सोप्यापासून. ई-वे बिलाचे पैसे अजिबात देऊ नका. वापरलेलं घरगुती सामान ई-वे बिलाच्या नियमातून वगळलेलं आहे, जीएसटीच्या नियम १३८ च्या यादीतच तसं लिहिलंय. जे बिल काढावंच लागत नाही त्याचा खर्च कसला? आणि "बॉर्डर खर्च" म्हणजे सेंधव्याच्या पुढे बिजासनच्या घाटात कुणाच्या तरी हातात ठेवलेले पैसे असतील तर ते तुमच्या बिलात येऊच शकत नाहीत. जकात तर २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हाच संपली, तरी काही बिलांवर ती अजून छापलेली सापडते. टोल आणि डिझेल भाड्यातच धरलेलं असतं.

जादा १२ खोक्यांचं सांगा. पॅकिंग लिस्टमध्ये शेवटचा नंबर किती आहे?

रामबागकर
शेवटचा नंबर ३४. सर्व्हेच्या यादीतही ३४ च होते. जीएसटी नंबर २३ ने सुरू होतो, Active दिसतोय, नावही जुळतंय.

बिल्टीवाले_काका
मग जादा खोकी आली कुठून? सर्व्हेत ३४, गाडीत ३४, उतरले ३४. ते २,४०० गेले. टॅक्सची ओळ मात्र राहील, फक्त कमी रकमेवर.

कोथरूड_ते_राजवाडा
इन्शुरन्सचे ९,००० तरी योग्य आहेत ना? बिलावर इन्शुरन्स लिहिलंय म्हणजे तो काढलेलाच असणार. ताटल्यांचे आणि मशीनचे पैसे त्यातूनच मागा.

बिल्टीवाले_काका
नाही हो, सगळ्यात मोठा घोळ याच ओळीत असतो. पॉलिसी निघाली असेल तर विमा कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर, तुमचं नाव, बिल्टी नंबर आणि विम्याची रक्कम असलेलं प्रमाणपत्र मिळतं. ते गाडी निघण्याआधी हातात हवं. नंतर काढलेला विमा झालेल्या नुकसानाला लागू होत नाही.

प्रमाणपत्र नसेल तर हे ३ टक्के म्हणजे आमच्या धंद्यात ज्याला एफओव्ही म्हणतात ते. म्हणजे मालाच्या किमतीवर आकारलेली जोखीम. ते पैसे मूव्हरच्या खिशात राहतात आणि भरपाई द्यायची की नाही हे तोच ठरवतो. त्यात बेकायदा काही नाही, पण मग त्याला इन्शुरन्स म्हणू नये आणि जोखीम घेतल्याचं बिल्टीवर लिहून द्यावं. तुमच्या बिल्टीवर काय छापलंय, "ओनर्स रिस्क" की "कॅरिअर्स रिस्क"?

रामबागकर
"अ‍ॅट ओनर्स रिस्क". प्रमाणपत्र मिळालेलं नाही. मागितलं तर "हेड ऑफिसमधून येईल" म्हणाले.

बिल्टीवाले_काका
म्हणजे जोखीम घेण्याचे ९,००० घेतले आणि जोखीम तुमच्याच माथी छापली. दोन्ही एका वेळी चालत नाही. तुमच्या परीक्षणातली पहिली ओळ हीच असू द्या.

लष्कर_ग्वाल्हेर
पॉलिसी खरी निघाली तरी आत काय आहे ते वाचावं लागतं. रस्त्याच्या वाहतुकीच्या विम्याला तीन पातळ्या असतात, ए, बी आणि सी. सी मध्ये जवळजवळ आगच. बी मध्ये आग, गाडी उलटणं, टक्कर, पूल कोसळणं अशा मोठ्या गोष्टी. चढवता-उतरवताना खोकं पडून ताट फुटलं तर ते बी मध्ये बसत नाही, ए मध्येच बसतं. ए मध्येही बाहेर काही खूण नसताना आतलं यंत्र बिघडलं असेल, किंवा खोकं मालकाने स्वतः भरलं असेल, तर बहुतेक पॉलिसी नकार देतात. म्हणून "ऑल रिस्क" हे शब्द तोंडी नकोत, कागदावर हवेत.

दांडियाबाजार
मी बडोद्याहून लिहितोय. आमच्याकडे आजीची पितळेची घंगाळं आणि तांब्याचे हंडे आहेत, ठाण्याला न्यायचेत. मूव्हर म्हणतो एका मोठ्या खोक्यात सगळं बसेल. बरोबर आहे का? धाग्याचा विषय जरा वेगळा आहे, माफ करा.

हमाल_युनियन_शेजारी
भाऊ, बसेल पण तळ फाटेल. मोठ्या खोक्यात जड भांडी घातली की दोन माणसांनाही ते नीट धरता येत नाही, मग ढकलत नेतात. एका माणसाला छातीशी धरून चालता येईल एवढंच वजन, पंधरा ते वीस किलो. पुस्तकांनाही हाच नियम. तीन पदरी पुठ्ठा जड सामानाला नको, पाच पदरी मागा. पितळ फुटत नाही, पोचे पडतात. म्हणून भांड्यात भांडं घालताना मध्ये जुनी चादर किंवा पुठ्ठा, आणि घंगाळाच्या काठाभोवती पुठ्ठ्याची पट्टी. कडीवाले हंडे गाडीत उलटे ठेवायला सांगा, नाहीतर वरचं ओझं कड्यांवर येतं.

रामबागकर, तुमच्या ताटल्यांचं विचारतो. आडव्या रचल्या होत्या की उभ्या?

रामबागकर
आडव्या, दहा-दहाच्या गठ्ठ्याने. बाहेरून बबल होता, मध्ये एकेक वर्तमानपत्राचा कागद.

हमाल_युनियन_शेजारी
मग फुटणारच. खड्ड्यात गाडी आदळली की आडव्या गठ्ठ्यातल्या सगळ्या ताटल्यांचा भार खालच्यांवर येतो. त्या उभ्या, कडेवर ठेवायच्या, फायलींसारख्या. प्रत्येकीला वेगळा कागद, तळाशी तीन-चार इंच चुरगळलेला कागद, वरही तेवढाच. बंद केल्यावर खोकं दोन्ही हातांनी उचलून हलकेच हलवायचं. आत काही सरकल्याचा आवाज आला तर तिथेच उघडायला लावायचं. बाहेरून कितीही बबल गुंडाळला तरी आत मोकळी जागा राहिली की तो निरुपयोगी. बबल दिसतो छान, म्हणून तोच दाखवतात.

विजयनगर_नवीन
वॉशिंग मशीन आपटतंय म्हणजे फरशी सपाट नसेल. पाय फिरवून लेव्हल करा. मूव्हरचा काय दोष?

लष्कर_ग्वाल्हेर
लेव्हल आधी बघावीच. चारही कोपरे दाबून बघायचे, एखादा हलला तर पाय फिरवायचा. पण फ्रंट लोडमध्ये दुसरीही शक्यता असते. आतलं टब स्प्रिंगांना लटकलेलं असतं आणि खालून धक्के शोषणाऱ्या डँपरवर टेकलेलं असतं. नवं मशीन येतं तेव्हा मागच्या बाजूने लांब बोल्ट घालून ते टब जखडलेलं असतं, बहुतेकांत चार. मशीन लावताना ते काढतात. पुन्हा हलवताना ते परत घालायचे असतात. न घालता सहाशे किलोमीटर नेलं तर टब आत झोके घेत राहतं आणि डँपर किंवा स्प्रिंग निसटते. बाहेर ओरखडाही दिसत नाही.

रामबागकर, बोल्ट घातले होते का? आणि उलटंही एकदा बघा, घातले असतील तर चालू करण्याआधी काढले का? बोल्ट तसेच राहिले तरी मशीन असंच नाचतं.

रामबागकर
बोल्ट घरात होते, पॅकिंगवाल्यांना दिले होते. ते स्क्रूच्या पिशवीत तसेच परत आले, मशीनला लावलेच नाहीत. लेव्हल दोनदा तपासली.

लष्कर_ग्वाल्हेर
मग कंपनीच्या सर्व्हिसवाल्याकडून उघडून घ्या आणि त्याच्या कागदावर कारण लिहून घ्या. "वाहतुकीत डँपर निसटला, ट्रान्झिट बोल्ट नव्हते" असं. बाहेर खूण नसताना तोच एक पुरावा उरतो. नुसतं "दुरुस्ती केली" लिहिलं तर काही उपयोग नाही.

पोहेवाला_५६
ट्रकच्या मागे लिहिलेलं असतं "धीरे चलेंगे तो बार बार मिलेंगे". इथे सहा दिवसांनी एकदाच भेटले!

तिलकनगर_मंजिरी
वेळेचं कुणी बोललंच नाही. इंदूरहून पुणे धुळे-नाशिकमार्गे सहाशेच्या आसपास. रात्री निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोहोचते. सहा दिवस कसे?

बिल्टीवाले_काका
भाड्यातच उत्तर आहे, ताई. दोन बेडरूमचं घर साधारण चौदा फुटी गाडीत मावतं. ती अख्खी गाडी १७,००० मध्ये पुण्याला मिळणं मला अवघड वाटतं, परतीचं भाडं कुणी भरायचं? हा पार्ट लोडचा भाव आहे. म्हणजे तुमचं सामान देवास नाक्याकडच्या एखाद्या गोदामात उतरलं, पुण्याकडचं आणखी कुणाचं सामान येईपर्यंत थांबलं आणि दुसऱ्या गाडीत चढलं. पार्ट लोड वाईट नाही, स्वस्त पडतं. पण त्यात दोन दिवसांचं वचन देता येत नाही, आणि प्रत्येक नग दोनदा जास्त हाताळला जातो. तुमच्या ताटल्यांचा तो एक धक्का बहुधा तिथलाच.

ओळखायचं असं : बिल्टीवर गाडीचा नंबर असतो. घरी चढवताना काढलेल्या फोटोतला नंबर, बिल्टीवरचा आणि पुण्यात आलेल्या गाडीचा, तिन्ही जुळवा.

रामबागकर
जुळत नाहीत. इथून एमपी पासिंगची छोटी गाडी गेली, पुण्यात महाराष्ट्र पासिंगचा मोठा ट्रक आला, त्यात आणखी दोन घरांचं सामान होतं. बिल्टीवर नंबराची जागा कोरी आहे.

बिल्टीवाले_काका
कोरी बिल्टी घेऊन कधी गाडी सोडू नये. वेळेला शून्य देऊ नका, पण "पार्ट लोड असूनही सांगितलं नाही" हे नक्की लिहा. वेळ चुकली त्याचं मूळ तेच आहे.

कोथरूड_ते_राजवाडा
तिसऱ्या मजल्याचे १,५०० पण काढा मग.

रामबागकर
इमारतीला लिफ्ट आहे. सोफ्याचे तीन भाग आणि पलंगाची फळी लिफ्टमध्ये मावली नाही, ते जिन्याने आणले. सर्व्हेच्या कागदावर "तिसरा मजला, लिफ्ट" लिहिलंय.

हमाल_युनियन_शेजारी
इथे मी हमालांच्या बाजूने बोलणार. सोफा जिन्याने तीन मजले चढवणं हे खरं काम आहे. १,५०० जास्त वाटत असतील तर कमी करून घ्या, पण शून्य करू नका. ते पैसे त्या पोरांना मिळाले का, हे विचारा.

तिलकनगर_मंजिरी
मला पटत नाही. सर्व्हेवाल्याने लिफ्ट बघून लिहायला हवं होतं, सोफाही त्याने पाहिला होता. त्याची चूक ग्राहकाने का भरायची?

बिल्टीवाले_काका
दोघांचंही खरं. मी दोन्ही आकडे मांडतो.

मजल्याचे धरले नाहीत तर १७,००० अधिक ५,५०० अधिक ५,००० म्हणजे २७,५००. त्यावर १८ टक्के ४,९५०. एकूण ३२,४५०. मजल्याचे धरले तर २९,००० आणि टॅक्स ५,२२०, एकूण ३४,२२०. जादा खोकी, विमा, ई-वे आणि त्यांच्यावरचा टॅक्स मिळून १४,८६८ रुपयांना काहीच आधार नाही.

विजयनगर_नवीन
पण ड्रायव्हर म्हणाला असेल ना, आधी पैसे मग सामान? तेव्हा काय करायचं? ११२ ला फोन लावायचा का?

लष्कर_ग्वाल्हेर
लावता येतो, पण बऱ्याचदा पोलीस "हा दिवाणी वाद आहे" म्हणतात. मी म्हणेन, मान्य रक्कम बँकेतून पाठवा आणि वादाच्या ओळी व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच लिहून कळवा. अडलंच आणि पूर्ण भरावी लागली तर बिलावर "हरकत राखून भरले" असं लिहून सही करा, रोख देऊ नका.

हमाल_युनियन_शेजारी
रात्री दहा वाजता लहान पोरं घेऊन खाली उभं असताना माणूस काय हरकत लिहिणार! बहुतेक जण भरून मोकळे होतात, म्हणून तर हे चालतं.

रामबागकर
मी पूर्ण भरले, यूपीआयने. पोच पावतीवर सहीही केली. "सर्व माल सुस्थितीत मिळाला" असं छापलेलं होतं. आता दावा संपला का?

बिल्टीवाले_काका
संपला नाही, कठीण झाला. सही करताना नेहमी हाताने लिहावं, "खोकं १४ दबलेलं, आतला माल तपासायचा बाकी". आता फोटोंची तारीख, सर्व्हिसवाल्याचा कागद आणि कोऱ्या नंबराची बिल्टी यांवर भिस्त.

एक मुदत मात्र पाळा. कॅरिज बाय रोड अ‍ॅक्ट, २००७ प्रमाणे नुकसानीचा दावा लावायचा तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस जायला हवी. स्पीड पोस्टाने पाठवा. मालाची किंमत आधी जाहीर केली नसेल तर त्याची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंत असते. तुमच्या बाबतीत ती १,७०,००० येते, म्हणजे पाच ताटल्या आणि एक डँपर त्यात आरामात बसतात. फर्म स्वतः वाहतूकदार आहे की नुसती मध्यस्थ, यावर वकील वाद घालतील, पण बिल्टी तिच्या नावाची असेल तर तुमची बाजू बरी.

त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करून बघा, तक्रार फर्मकडे पोहोचते, त्यातून कधी कधी काही पैसे सुटतात. ग्राहक आयोगाची तक्रार २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे, म्हणजे पुण्यातही करता येते. इंदूरला फेऱ्या नकोत.

दांडियाबाजार
मी आमच्या मूव्हरला विम्याचं प्रमाणपत्र मागितलं. तो म्हणाला, ते हवं असेल तर ३ नाही, दीड टक्क्यात काढून देतो, पण फक्त गाडीच्या अपघाताचं.

लष्कर_ग्वाल्हेर
निदान खरं बोलला. ते बी पातळीचं दिसतंय. घंगाळाला पोचा पडला तर त्यात पैसे येणार नाहीत, हे धरून ठरवा.

रामबागकर
मशीन आज उघडलं. एक डँपर निसटलेला होता. सर्व्हिसवाल्याने बोल्ट नसल्याचं कागदावर लिहून दिलं. नोटीस या आठवड्यात टाकतोय.

परीक्षण असं लिहिणार आहे. पॅकिंग : फर्निचर आणि टीव्ही नीट, काचसामान आणि मशीन चुकीचं. नुकसान : पाच ताटल्या, एक डँपर, भरपाई अजून नाही. वेळ : दोन सांगून सहा दिवस, पार्ट लोड असल्याचं लपवलं. बिल : १४,८६८ निराधार. मजल्याच्या १,५०० वर मी स्वतः अजून ठरवू शकलो नाही, तसंच लिहीन.

तिलकनगर_मंजिरी
ओनर्स रिस्कवर विम्याचे पैसे घेतले, ते सगळ्यात वर लिहा. आणि १,५०० देऊ नका!

हमाल_युनियन_शेजारी
द्या हो, पोरांच्या हातात.